एक माणूस पाहिजे

आमच्या लॅबमधल्या ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन तीनदा ठरलं आणि तीनदा पुढे गेलं. तिन्ही वेळा रजेचा अर्ज नामंजूर करणारी मीच होते. जबलपूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी लॅबची इनचार्ज. सकाळच्या पाळीत पटावर चार टेक्निशियन, साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा वजा जाता रोज हजर तिघं. त्यात सगळ्यात जुन्या ताई. त्या दोन महिने घरी बसल्या तर पाळी चालवायची कोणी? "चालते मॅडम, पुढं पाहू," म्हणायच्या आणि अर्जाची घडी करून पर्समध्ये ठेवायच्या. डॉक्टरांनी मात्र सांगून ठेवलं होतं, असंच ओढत राहिलात तर दुसराही गुडघा जाईल.

एकदा चहा घेताना त्या सहज म्हणाल्या, "ग्वारीघाटला गेली होती. वरच्याच पायरीवर बसून आली. पाणी दुरूनच पाहिलं." ही बाई पूर्वी दर सोमवारी नर्मदेच्या पाण्यात पाय सोडून बसायची. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी मी ठरवलं, रजा देता येत नाही ना, मग माणूस मागायचा.

आमच्याकडे माणूस मागायचा म्हणजे नुसता अर्ज चालत नाही. बिझनेस केस लिहावी लागते. काम किती, माणसं किती, कमी किती पडतात, खर्च काय, आणि माणूस नाही दिला तर काय होईल, हे सगळं आकड्यांत मांडायचं. मी गणितात कच्ची नाही, तरी पहिल्या खर्ड्याने नाकी नऊ आणले. सकाळच्या पाळीत सरासरी दोनशे दहा नमुने. नमुना उतरवून घेण्यापासून रिपोर्ट तपासून पाठवेपर्यंत माणसाच्या हाताचा वेळ सरासरी सात मिनिटं, हा मी पंधरा दिवस घड्याळ लावून मोजला. रोजचं काम झालं चौदाशे सत्तर मिनिटांचं. एका माणसाच्या आठ तासांतून जेवण, यंत्राची तपासणी आणि साफसफाई वजा केली की उरतात तीनशे नव्वद मिनिटं. तिघांची अकराशे सत्तर. कमी पडतात तीनशे, म्हणजे रोजचे पाच तास. सगळं स्वच्छ दिसत होतं. मी मोठ्या ऐटीत प्रस्ताव पाठवला.

आठवड्याने फायनान्सच्या साहेबांनी बोलावलं. शांत माणूस, आवाज कधी चढत नाही, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटते. त्यांनी माझाच कागद माझ्यापुढे सरकवला. "मैडम, पाँच घंटे रोज़ कम पड़ते हैं, आपने लिखा है. और दूसरे पन्ने पर लिखा है कि लगभग सारी रिपोर्टें टाइम पर जाती हैं. हाजिरी में ओवरटाइम ज़ीरो है. तो ये पाँच घंटे का काम करता कौन है?"

 खरं सांगते, उत्तर मला माहीत होतं. मी कागद उचलला आणि पाहून सांगते म्हटलं.

यंत्रावर रोज पेशंटचा पहिला नमुना लावण्याआधी कंट्रोल लावावा लागतो. म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेलं द्रव चालवून पाहायचं, आकडा बरोबर आला तरच पुढचं काम. वॉर्डांतले नमुने साडेसहालाच यायला लागतात, म्हणून ताई महाराजपूरहून पहिला ऑटो पकडून साडेपाचला येत होत्या. पण हजेरीच्या यंत्रावर अंगठा लावायच्या पाळीच्या वेळी, सातला. बाकीचे तीनला अंगठा लावून चाळीस-चाळीस मिनिटं थांबत होते. ताईसुद्धा. जेवणाचा डबा कोणाचाच पुरता उघडत नव्हता. ताईंचा दीड तास, तिघांच्या जेवणाचा दीड तास आणि तीननंतरचे दोन तास. झाले पाच.

आणि हे शिकवलं कोणी? मीच. तीन वर्षांपूर्वी एचआरचं पत्र आलं होतं, विनापरवानगी जादा पंचिंग करू नये. मला कटकट नको होती. मी लॅबमध्ये येऊन सांगितलं, सातलाच अंगठा लावा बाप्पा, उगाच प्रश्न नकोत. ऑडिटच्या वर्षी आणखी एक अक्कल पाजळली होती. ट्रेमध्ये नमुने पडून असतील तर लगेच 'मिळाला' म्हणून स्कॅन करू नका, हातात घ्याल तेव्हा करा, कारण स्कॅन केला की रिपोर्टचं घड्याळ सुरू होते. तेव्हापासून आमचे रिपोर्ट वेळेवर जात होते. कागदावर.

साहेबांच्या केबिनमधून निघाले तेव्हा मला त्यांचा नाही, माझाच राग आला होता. आपण किती हुशार म्हणून मिरवत होते मी. आणि तिकडे एक बाई दुखरा गुडघा घेऊन पहाटे ऑटो शोधत होती आणि तिचे ते दीड तास जगात कुठेच लिहिलेले नव्हते.

खोटं बोलणारी माणसं होती, यंत्रं नव्हती. ॲनालायझरमध्ये प्रत्येक कंट्रोलची वेळ आपोआप नोंदली जाते. तीन महिन्यांची यादी काढली. पाच बेचाळीस, पाच छत्तीस, पाच चाळीस, अशीच खालपर्यंत. शेजारी पंचिंगचा तक्ता ठेवला, सात, सात, सात वाजून दोन. वॉर्डात रक्त घेतल्यावर नळीवर जो बारकोड चिकटतो, त्यावरही वेळ असते. ती आणि आमच्या स्कॅनची वेळ ताडून पाहिली. सकाळच्या गर्दीत नमुना ट्रेमध्ये पाऊण-पाऊण तास पडून होता. त्यातले काही खराब होऊन पेशंटला दुसऱ्यांदा टोचावं लागलं, तेही वेगळं काढलं.

ताईंना हे दाखवलं तर त्या घाबरल्या. "काहून करून राहिल्या मॅडम? तुमच्यावरच येईल ना सगळं. राहू द्या माझा गुडघा."

"गुडघा तुमचा आहे, चूक माझी आहे," मी म्हटलं. जरा तोऱ्यातच म्हटलं, पण मनात हिशेब चालू होता. घरी लेकीच्या कॉलेजची फी, घराचे हप्ते, आणि माझ्या फाईलवर इतक्या वर्षांत एक डाग नव्हता.

नव्या प्रस्तावाचं पहिलंच वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. ते असं होतं: "लॅबचे वेळेचे व हजेरीचे आजवरचे आकडे माझ्या तोंडी सूचनांमुळे खरे नाहीत, खरे आकडे सोबत जोडले आहेत." अर्थात हिंदीत. पुढचं सगळं भराभर झालं. चार पर्याय मांडले. आहे तसं चालू ठेवणं, हे पाच तास रीतसर ओव्हरटाइम म्हणून देणं, सकाळचे काही नमुने बाहेरच्या लॅबला पाठवणं, किंवा एक पद वाढवणं. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो, म्हणजे पाच तासांना दहा तासांचे पैसे. नवीन माणसाचा पगार, पीएफ, बोनस, गणवेश सगळं धरूनही वर्षाचा खर्च त्याच्या खाली येत होता. आणि त्याच्या सुट्ट्या-रजा वजा केल्या तरी तो दिवसाला सरासरी पाच तास देत होता. नेमके जेवढे कमी पडत होते तेवढे. शेवटी लिहिलं, सहा महिन्यांनी तपासा, पण आमच्या स्कॅनपासून नाही, रक्त घेतल्यापासून वेळ मोजा.

बैठकीत डायरेक्टर साहेबांनी पहिलं वाक्य वाचलं आणि चष्मा काढला. "ये लाइन आपने ख़ुद लिखी?"

"जी."

फायनान्सच्या साहेबांनी दोनच प्रश्न विचारले. काम वाढलंय ते तात्पुरतं नाही ना? मी सांगितलं, नवे दोन वॉर्ड उघडले, तिलवाऱ्यापलीकडचे पेशंट यायला लागले, तेव्हापासून एकाही महिन्यात आकडा उतरलेला नाही. सकाळपुरता अर्धवेळ माणूस का नको? तर तो कोणाच्या रजेला पूर्ण पाळी धरू शकत नाही, आणि रजाच तर कोणाला मिळत नाहीये. त्यांनी मान डोलावली, पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि कागद मिटला.

दहा दिवसांनी लिफाफा आला. आत दोन कागद. एकावर एका टेक्निशियनच्या पदाला मंजुरी. दुसऱ्यावर मला लेखी ताकीद, हजेरीच्या नोंदीत ढवळाढवळ केल्याबद्दल, पुन्हा घडल्यास कारवाई. मी पहिला कागद लॅबमध्ये नेऊन दाखवला आणि दुसरा ड्रॉवरमध्ये सर्वांत खाली घातला. ताईंनी मंजुरीचा कागद दोनदा वाचला. मग पर्समधून तो जुना अर्ज काढला आणि त्यावरची तारीख खोडून नवी घातली.

नवीन टेक्निशियन तिशीची होती, अधारतालकडे राहणारी, हात चलाख. ताईंनी तिला सहा आठवडे जवळ बसवून शिकवलं. मी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, आता जो ज्या वेळी येईल त्या वेळी अंगठा लावेल. साडेपाचची वेळ रीतसर पाळीत घातली, आळीपाळीने, आणि जो लवकर येईल तो लवकर जाईल. ताई ऑपरेशनला गेल्या. चांगलं झालं ऑपरेशन. चौथ्या दिवशी फोनवर म्हणाल्या, "वॉकर घेऊन चालून राहिली मॅडम. सोमवारचं पाहू पुढं." माझा जीव भांड्यात पडला.

महिनाभराने मी सवयीने ॲनालायझरची यादी काढली. ज्या दिवशी नवीन मुलीची पाळी साताची होती, त्या दिवशीही कंट्रोल पाच चव्वेचाळीसला लागलेला. तिचं पंचिंग मात्र सातला. एक दिवस नाही, चांगले आठ दिवस. त्या दिवसांत साडेपाचची पाळी जिची होती ती रजेवर होती, आणि तिची जागा हिने गुपचूप भरून काढली होती.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः पहाटे जाऊन उभी राहिले. ती मला पाहून दारातच थबकली.

"हे कोणी शिकवलं तुला?"

 ती हळूच म्हणाली, "दीदी ने बोला था. जाते टाइम बोला, रिपोर्ट लेट मत होने देना और पंच सात बजे ही करना. मैडम को हमारे लिए चिट्ठी मिली है. दूसरी मिली तो नौकरी जाएगी."

तो कागद ड्रॉवरच्या तळाशी होता. ताईंनी कधी पाहिला, मला अजून माहीत नाही. मला एकदम रडू आलं आणि त्या मुलीपुढे मी ते लपवलंही नाही. मग तिचा हात धरून तिला पंचिंगच्या यंत्राजवळ नेलं. घड्याळात पाच अडतीस झाले होते.

"लाव अंगठा," मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि लावला.