एकसष्ट टक्क्यांचे पेढे

पिंपरीच्या औषध कारखान्यात मी प्रयोगशाळेत होतो, तेव्हाची गोष्ट. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने अर्जात चारपैकी सरासरी मागितली होती. बी.एस्सी.ला मला एकसष्ट टक्के होते, म्हणजे पहिला वर्ग. मी सरळ पंचविसाने भागलं, तर अडीचसुद्धा आले नाहीत. तिथे तीनच्या खाली घेत नसत. मी अर्ज फाडायलाच निघालो होतो.

आमचे विभागप्रमुख तिकडे शिकून आलेले. माझा हिशेब पाहून ते तडकले. "तिकडे नव्वद सर्रास देतात, म्हणून साठ म्हणजे काठावर. आपल्याकडे पस्तिसाला पास आणि साठाला पहिला वर्ग. टक्के भागत बसू नकोस, वर्गाशी वर्ग लाव. आपला पहिला वर्ग म्हणजे साधारण त्यांचा ए, म्हणजे चार. आपल्या युनिव्हर्सिटीकडून वर्गांचे नियम लिहून घे आणि गुणपत्रिकेला जोड, रूपांतर त्यांचं ते करतील." मग म्हणाले, "निकालाच्या दिवशी घरी काय केलं होतं?"

"वडिलांनी चिंचवडात गल्लीभर पेढे वाटले."

"त्यांना कळलं ते तुला कळेना?"

मला प्रवेश मिळाला. तिथल्या पहिल्याच परीक्षेत अठ्ठ्याहत्तर पडले आणि मी हरखून घरी पत्र टाकलं. वडिलांचं उत्तर आलं, "लेका, पुन्यांदा पेढे वाटले." तोवर त्या अठ्ठ्याहत्तरची ग्रेड भिंतीवर लागली होती. सी.