खिडकी नसलेली नोट

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, मोबाईल रिपेअरवाला आणि पोळीभाजी केंद्र यांच्या मधल्या गाळ्यात मी परदेशी चलनाचं काउंटर सांभाळते. औद्योगिक वसाहतीतले इंजिनिअर मशीन शिकायला जर्मनीला निघाले की युरो माझ्याकडून घेतात, बोटीवर जाणारी मुलं डॉलर घेतात. घरच्यांच्या लेखी मात्र मी ‘पैसे मोजायला बसते’. यात सर्वांत तुच्छतेने बोलणारे म्हणजे आमचे भाऊजी, ताईचे यजमान. ते एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर. शिडी दिसली की ती पडणार, आणि माणूस दिसला की तो फसवणार, असं धरून चालण्याचा त्यांना पगार मिळतो.

भाऊजी ताईला घेऊन युरोपच्या सहलीला गेले. पालघरच्या एका टूरवाल्याचा ग्रुप होता, सगळे आपल्याच भागातले. जाण्यापूर्वी युरो न्यायला माझ्याकडे आले आणि प्रत्येक नोट उजेडात धरून बघितली. मी सख्खी मेव्हणी, पण सुरक्षितता आधी. मीही हौसेने शिकवलं. हे बघा, चमकत्या पट्टीत ही छोटी खिडकी, उजेडात धरली की आरपार दिसते आणि तिच्यात बाईचा चेहरा उमटतो. हा हिरवा आकडा, नोट कलती केली की निळा होतो. ही कडेची उठावदार रेघ, नखाला लागते. भाऊजींनी सगळं पाठ केलं. पाठ केलेल्या माणसासारखा धोकादायक माणूस नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

सहल पॅरिसला पोचली तेव्हा दुपारी काउंटरवर मला भाऊजींचा मेसेज आला: ‘अर्जंट. खोटी नोट पकडली आहे.’ पकडली! जणू रात्रभर खाडीत जाळं लावून बसले होते.

प्रकार असा झाला होता. ग्रुपमध्ये घिवलीच्या एक मावशी होत्या, साठीच्या पुढच्या. त्यांचा नवरा बोटीवर स्वयंपाकी होता, तो वारून बरीच वर्षं झाली. मुलाने हट्टाने आईला सहलीला धाडलं होतं. तिकडे स्वच्छतागृहात जायलाही नाणं टाकावं लागतं आणि मावशींकडे सुट्टे नव्हते, म्हणून त्यांनी आदल्या सकाळी नाश्त्याला भाऊजींकडून पन्नास युरोचे सुट्टे घेतले. रात्री खोलीत भाऊजींनी त्यांची नोट आपल्या नोटांशेजारी ठेवली. खिडकी नाही. चेहरा नाही. आकडा हिरवा नाही. संपलं! त्यांनी नोट जप्त केली, आपले सुट्टे परत घेतले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं जाहीर केलं. टूर मॅनेजर घाबरला. म्हणाला, बनावट असेल तर पोलिसांकडे द्यावी लागेल, आणि ती कुठून आली याचा जबाब मावशींना द्यावा लागेल. मावशी बसमध्ये शेवटच्या सीटवर एकट्या बसल्या होत्या. शेजारची बाई उठून पुढे गेली होती. हे ताईने मला फोनवर कुजबुजत सांगितलं.

भाऊजींनी नोटेचा फोटो पाठवला. फोटो म्हणजे काय! कंपनीत कागदपत्रं स्कॅन करतात त्या ॲपने काढलेला. ॲपने नोट सरळ केली, कडा कापल्या, पांढरीशुभ्र धुतली आणि चमकता होलोग्राम घोटून राखाडी डाग करून टाकला. त्यात खरी नोटही खोटी दिसली असती. त्यात भाऊजीसुद्धा गोरे दिसले असते.

‘भाऊजी, साधा फोटो काढा,’ मी लिहिलं. ‘एक टेबलावर, तुमच्या नोटेला चिकटून. एक काचेच्या खिडकीपाशी उजेडात धरून. पुढची आणि मागची बाजू दोन्ही, सरळ एकदा आणि तिरकी करून एकदा.’

‘एका फोटोत कळत नसेल तर तू तिथे बसून करतेस काय?’ असं उत्तर आलं.

शेवटी ताईने फोटो काढले. तिने नवऱ्याच्या हातून नोट मागून घेतली, ही आमच्या घराण्यात नोंद करण्यासारखी घटना. टेबलावरच्या फोटोत लांबीरुंदी अगदी जुळत होती. नारिंगी रंगही तोच, फक्त छपाईची धाटणी जुनी. पुढच्या बाजूला उजवीकडे आखूड चौकोनी होलोग्राम. तो तिरका केला की एकदा पन्नासचा आकडा, एकदा कमानीचं चित्र. उजेडातल्या फोटोत डावीकडच्या कोऱ्या जागेत जलचिन्ह उमटलं होतं, इमारतीचं चित्र आणि खाली पन्नास. मधोमध काळा धागा, त्यावर बारीक अक्षरं. वरच्या कोपऱ्यातले तुटक ठिपके पुढचे आणि मागचे मिळून पूर्ण आकडा बनत होते. आणि मागचा आकडा तिरक्या फोटोत जांभळ्याचा तपकिरी झाला होता.

माझा जीव भांड्यात पडला. ही युरोची पहिली मालिका. छापून जुनी झालेली, नवीन डिझाइन येण्याआधीची. मी फोन केला.

‘भाऊजी, नोट जुन्या मालिकेची आहे. खिडकी नव्या मालिकेत आली. हिच्यात ती असायलाच नको. असती तर मला संशय आला असता.’

‘जुनी ना? म्हणजे बादच!’ त्यांच्या आवाजाला नवा जोर आला. ‘आपल्याकडे एका रात्रीत कागद झाले होते की.’

आता हे बाकी खास आपलंच. आपण एकदा रांगेत उभे राहिलो, म्हणून जगातली प्रत्येक जुनी नोट मेलेली. मी म्हटलं, ‘तिकडे रद्द नाही केलेली. दुकानात चालते, बँकेत गेली की ते हळूहळू मागे घेतात. आणि हे सगळं मी फोटोवरून सांगतेय. कागद कडक आहे का, छपाई बोटाला लागते का, हे फोटोत कळत नाही. हॉटेलच्या काउंटरवर नोटा तपासायचं मशीन असेल, त्यात घाला. पोलीस नंतर.’

‘बरं, पण नाणं बघ,’ ते सहजासहजी हार मानणाऱ्यातले नव्हेत. ‘तिने परत केलेल्या सुट्ट्यांत एक खोटं आहे. बाईचा धंदाच दिसतोय.’

फोटो आला. बाहेर रुपेरी कडं, मध्ये सोनेरी, दोन युरोसारखंच. पण दोन युरोच्या एका बाजूला मोठा दोनचा आकडा आणि नकाशा असतो, दुसऱ्या बाजूला कडेने बारा तारे. इथे ना तारे ना नकाशा. एका बाजूला देऊळ, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला राजा. थायलंडचं दहा बाथ. खोटं नव्हे, अगदी खरं, फक्त दुसऱ्या देशाचं. कंपनीच्या डीलरांबरोबर पट्टायाला कोण गेलं होतं ते मला ठाऊक होतं, कारण त्या वेळचे बाथ माझ्याच काउंटरवरून गेले होते.

‘ताई,’ मी विचारलं, ‘सुट्टे कोणत्या पाऊचमधून दिले होते?’

ताईने आवाज आणखी खाली आणला. मग म्हणाली, ‘यांच्याच. तपकिरी. पट्टायावरून आणलेलं.’

म्हणजे त्या सहलीत एकाच माणसाने चुकीचं चलन दिलं होतं, आणि तो माणूस सेफ्टी ऑफिसर होता. आदल्या दिवशी मावशी त्या नाण्याने स्वच्छतागृहाचं फाटक उघडायचा प्रयत्न करत होत्या, फाटक उघडेना, हेही तेव्हाच कळलं. मला हसू आलं आणि लगेच रागही आला, इतका की समोरच्या गिऱ्हाइकाला मी उगाच ‘बसा’ असं ओरडले.

हॉटेलच्या मशीनने नोट एका झटक्यात घेतली. टूर मॅनेजरने मावशींना हात जोडले. भाऊजींनी ग्रुपवर टाकलं: ‘नोट तपासून घेतली आहे. सावधगिरी बाळगल्याबद्दल सर्वांचे आभार.’ खाली अंगठ्यांची रांग. नाण्याबद्दल अक्षर नाही. माफी तर सेफ्टीच्या नियमावलीतच नसावी.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण सहल परत यायच्या आधी गोष्ट घिवलीला पोचली होती, आणि पोचताना तिने मशीन वाटेतच टाकून दिलं होतं. बाई खोट्या नोटा घेऊन पॅरिसला पकडली गेली. नवऱ्याने बोटीवरून तसलेच पैसे आणले असणार. म्हणूनच कौलं जाऊन घरावर स्लॅब आला!

एका सकाळी मावशी माझ्या काउंटरवर आल्या. कानात सोन्याच्या कुड्या, चापूनचोपून नेसलेलं लुगडं. पिशवीतून रुमाल, रुमालातून प्लास्टिक, प्लास्टिकातून पन्नास युरोची नोट. त्याच जुन्या मालिकेची.

‘तूच ती ना, फोटू बघून सांगितलेली?’

मी मान हलवली. नोट हातात घेतली, कडक होती. बोट फिरवलं, अक्षरं लागली. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरली, कागद काळाच राहिला आणि रंगीत तंतू चमकले. ‘मावशी, शंभर टक्के खरी आहे.’

‘ते मला म्हायत हाय. आमचा माणूस चोर नव्हता. मला लिवून दे.’

‘असं खरी-खोटीचं लिहून द्यायचा अधिकार नाही हो मला.’ मी घुटमळले. ‘विकत घेतली तर पावती देता येते. तुमचं नाव, नोट, दर, आमचा शिक्का. खोटी नोट आम्ही विकत घेत नाही, हे कुणालाही कळतं.’

‘मंग घे इकत.’

‘पण ही त्यांची...’

‘त्यानं आणलेली शेवटली हाय,’ त्या म्हणाल्या. ‘बाकीच्या तिकडं खर्चल्या. ही ठेवायची व्हती.’ रिकामं प्लास्टिक त्यांनी घडी करून पिशवीत टाकलं. ‘नोट ठेवून काय करू गं? मानसं त्याचंच नाव घेतात. दे पावती.’

मी पासपोर्ट घेतला, दर लावला, पावती छापली. शिक्का दोनदा मारला, कारण पहिला मला पुसट वाटला. पैसे त्यांनी न मोजता पिशवीत टाकले. पावती मात्र दोन्ही हातांनी उजेडात धरली, वरपासून खालपर्यंत निरखली.

‘ह्यात त्याचं नाव कुठंय?’

‘नाही मावशी. विकणाऱ्याचंच नाव असतं. तुमचं.’

त्यांनी पावती घडी करून रुमालात ठेवली आणि घिवलीची रिक्षा पकडायला निघून गेल्या.