शिक्क्याची तारीख

तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातली ती कंपनी औषधांना लागणारं एक रसायन बनवायची. नव्वदच्या दशकाच्या मध्याला एका सोमवारी सकाळच्या पाळीचे कामगार आले, तर गेटला कुलूप आणि कुलपाशेजारी टाळेबंदीची नोटीस. मी तेव्हा एका मराठी दैनिकासाठी नवी मुंबईच्या बातम्या देत होते. महिनाभराने युनियनचे सेक्रेटरी वाशीला आमच्या ऑफिसात आले. मूळचे साताऱ्याकडचे, आवाज मोठा.

"ताई, नोटिशीवर पत्ता बेलापूरचा. आम्ही बारा वर्षं तुर्भ्यात राबलो. आता भांडायचं कुणाशी, गेटाशी?"

मी बेलापूरला जाऊन तो पत्ता पाहिला. तळमजल्यावरचा एका खोलीचा फ्लॅट, दाराला कुलूप. जिन्याजवळ दिवाळे गावची एक कोळीण मासळीची पाटी घेऊन बसली होती. "तिथं कोन नाय ऱ्हात, बाय," ती म्हणाली. "पोस्टमन येतो, चिठ्ठी सरकवतो न जातो."

मग मी मुंबईला कंपनी निबंधकांच्या कार्यालयात गेले. तिथे ठरलेली फी भरली की कुठल्याही कंपनीची फाइल कुणालाही पाहता येते. कंपनीने सरकारकडे दाखल केलेला प्रत्येक कागद त्यात दोऱ्याने बांधलेला असतो. मी वहीत दोन रकाने पाडले: तारीख आणि काय घडलं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात कार्यालयाचा गोल शिक्का होता. मी त्याचीच तारीख उतरवत गेले.

कंपनीचा नोंदणीकृत पत्ता आधी मशीद बंदरचा, नंतर तुर्भ्याचा, शेवटी बेलापूरचा. संचालक सुरुवातीला दोनच: पैसा घालणारा व्यापारी आणि प्रक्रिया बसवणारा उरणकडचा केमिस्ट. दोघांचे शेअर सारखे. पुढे अधिकृत भांडवल वाढवल्याचा फॉर्म आणि त्याच्या मागोमाग नवे शेअर वाटल्याचा फॉर्म. सगळे नवे शेअर व्यापाऱ्याच्या बायकोच्या आणि भावाच्या नावावर. शेवटी फॉर्म बत्तीस, संचालक बदलल्याचा: केमिस्ट गेला, व्यापाऱ्याचा भाऊ आला. शिक्का टाळेबंदीनंतरच्या दहाव्या दिवसाचा. बेलापूरच्या पत्त्याच्या फॉर्मवरही त्याच दिवसाचा शिक्का.

बातमी पहिल्या पानावर लागली. "टाळे लागताच संचालक बाहेर, पत्ताही बदलला." चौथ्या परिच्छेदात मी लिहिलं होतं की कारखाना उभा करणाऱ्या केमिस्टने टाळेबंदीनंतर दहाव्या दिवशी अंग काढून घेतलं.

पाच दिवसांनी तो माणूस ऑफिसात आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. त्याने कात्रण टेबलावर ठेवलं आणि बसायला सांगेपर्यंत उभाच राहिला.

"मॅडम, मी दीड वर्षापूर्वी राजीनामा दिला. कामगारांना सांगितलं गेलं, साहेब आता मुंबईच्या ऑफिसात बसतात."

मी वही उघडून तारीख वाचून दाखवली.

"ही कुठून आणली?"

"फॉर्मवरून."

"फॉर्म मी भरलाच नाही. तो कंपनी भरते. माझ्या हातात फक्त चिठ्ठी देणं होतं, ती दिली."

"तिची पोच आहे?"

"अठरा वर्षांच्या भागीदाराकडून पोच मागतात का?"

बातमी आली त्या संध्याकाळी त्याच्या हाताखाली काम केलेले वीसेक कामगार नेरुळला त्याच्या बिल्डिंगखाली जमले होते. कुणी हात लावला नाही. एक जण वर बघून ओरडला, "साहेब, आमाला मास्क लावायला शिकवलंत, आणि सोता वास येताच पळालात व्हय?" हे सांगताना केमिस्टला किंचित हसू आलं, कारण ओरडणाऱ्याला त्यानेच भरती केलं होतं. मग त्याने खरं काम सांगितलं. तळोज्याच्या एका कारखान्यात त्याची नेमणूक ठरली होती. तिथल्या मॅनेजरने हेच कात्रण दाखवून म्हटलं होतं, टाळेबंदीआधी बाहेर पडलात याचा पुरावा आणा, तोवर पत्र देता येणार नाही. पुरावा त्याच्याकडे नव्हता.

"मला ती फाइल बघायचीय," तो म्हणाला. "अठरा वर्षं कंपनी माझी होती, पण फाइल मी कधी पाहिली नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. फी मी भरली. फॉर्म बत्तीस उघडला. बदलाची तारीख फॉर्मच्या रकान्यातच टाइप केलेली होती. दीड वर्षापूर्वीची. खाली त्याची राजीनाम्याची चिठ्ठी जोडलेली होती. शिक्का कोपऱ्यात होता आणि तो फक्त कागद कार्यालयात पोचल्याचा होता. फॉर्मला विलंब शुल्काची पावतीही टाचलेली होती. ती मी पहिल्या दिवशीही पाहिली होती, वहीत रक्कमसुद्धा उतरवली होती. कालपरवाच्या बदलाला कुणी विलंब शुल्क भरत नाही. एवढा विचार केला असता तरी पुरे होतं.

तो पानं मागे उलटत गेला. नवे शेअर वाटल्याच्या फॉर्मवर थांबला. बोट ठेवून नावं वाचली, मनात हिशेब केला.

"म्हणजे माझा अर्धा हिस्सा इथे दहाव्या भागावर आला."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्याने बोट खाली सरकवलं. संचालकाच्या सहीच्या जागी त्याचीच सही होती.

"तो म्हणायचा, बँकेला लागतं, सही कर. मी रिॲक्टरजवळ उभा असायचो. तिथंच पॅड धरून करायचो." सहीवरचं बोट न उचलता त्याने विचारलं, "हे तुम्ही पाहिलं होतंत?"

"हो."

"मग मी पळालो असं कसं वाटलं?"

हुसकावून लावलेल्या माणसाचा कागद माझ्यासमोर होता आणि मी पळून गेलेल्या माणसाची बातमी लिहिली होती.

मी म्हटलं, "दुरुस्ती छापते. ती दाखवा तळोज्याला."

"तुमचा पेपर नको, मॅडम. याची शिक्क्याची नक्कल मिळते ना? ती पाहिजे."

फॉर्म बत्तीस आणि चिठ्ठीच्या प्रमाणित नकलेसाठी त्याने अर्ज केला. नक्कल हातात यायला तीन आठवडे लागले. ती घेऊन तो त्याच दिवशी तळोज्याला गेला. तिथे आदल्या सोमवारी दुसरा माणूस रुजू झाला होता. मॅनेजरने कागद नीट वाचला, तारीख बरोबर आहे म्हणाला आणि चहा पाजला. हे केमिस्टने मला फोनवर सांगितलं. पुढे तो रोह्याकडे गेल्याचं कळलं.

दुरुस्ती सहाव्या पानावर चार ओळींत आली. "तांत्रिक चुकीमुळे" हे शब्द मी स्वतः लिहिले. चूक तांत्रिक नव्हती. शुल्काच्या पावतीचा आणि शेअरच्या फॉर्मचा उल्लेख केला असता, तर माझ्यासमोर काय काय होतं हे संपादकांना आणि वाचकांना कळलं असतं. म्हणून तो केला नाही.

काही वर्षांनी दुसऱ्या बातमीसाठी त्या युनियनच्या ऑफिसात गेले. फळ्यावर माझी पहिल्या पानावरची बातमी प्लास्टिकमध्ये घालून लावलेली होती. केमिस्टच्या उल्लेखाखाली लाल पेनाची रेघ.

सेक्रेटरी खूश होते. "ताई, बगा, जपून ठिवलीय. नव्या पोरांना दावतो, पळपुटा कसा असतो ते."

"त्यानंतर आम्ही दुरुस्ती छापली होती. पाहिली नाही का?"

"कसली दुरुस्ती?"

मी त्यांना दोन तारखा सांगितल्या, पावती सांगितली, सही सांगितली. ते फळ्याकडे गेले, टाचण्या काढल्या आणि कात्रण माझ्या हातात दिलं.

"आमी त्या मान्साच्या दारात गेलो होतो, ताई," ते म्हणाले. "हे तवाच यिऊन सांगायचं होतं."