झोक्यावरची पहिली जागा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या सोमवारी, चुलीवर दूध तापत असताना, जळगावात आमच्याच अंगणात माझ्या चार वर्षांच्या पुतणीवर अन्याय झाला. लिंबाला झोका बांधला होता. पोरांनी शेजारची गोरीपान, कुरळ्या केसांची पोरगी आधी बसवली आणि माझ्या पुतणीला, जिच्या तोंडावर देवीचे व्रण होते, बाजूला ढकललं.

"का रे?" मी एका चिमुरड्याला दरडावलं.

"ती वाईट शे," तो अहिराणीत बोलला.

"काय केलं तिनं?"

त्यानं विचार केला. "तोंड तसं शे."

प्रभातफेरीत घसा फोडणारा, पत्रकं वाटणारा मी; तिथल्या तिथे भाषण ठोकलं. समता, न्याय, सगळं आलं. माझ्या वडिलांनी, आबांनी, काठी आपटून हुकूम सोडला, "खेळा रे तिच्याशी!" पोरांनी हुकूम पाळला. तिला राक्षसीण केलं आणि किंचाळत पळाले. पुतणी आत आली आणि वहिनींच्या पदरात तोंड लपवून बसली.

वहिनी हसल्या. "भाऊजी, यांना अजून अक्षर येत नाही, पत्रकं कोणाला वाटता?"

"मग हे शिकवलं कोणी?"

"पाळण्यातला तुमचा पुतण्या बघा. शेजारची देखणी काकू वाकली की टक लावतो, तुम्ही वाकलात की छताकडे बघतो. ते उपजत. पण देखणं तेच भलं, हे आपण शिकवतो."

मी चिडून मिशी चाचपली. पण त्यानंतर कान उघडे ठेवले. अंगणात येणारी प्रत्येक बाई त्या गोरीच्या गालाला हात लावी, "कशी बाहुलीसारखी!" सणाची गोड सांजोरीही तिला पहिली. आबांच्या गोष्टीत राजकन्या सुंदर, आणि खाष्ट बाई हटकून काळी. पोरांना दुसरं काय सुचणार?

वहिनींनी भाषण केलं नाही. पोरांना गोष्ट सांगताना त्यांनी राक्षसीण देखणी केली. आबा म्हणाले, "हे काय भलतंच!" वहिनी म्हणाल्या, "आबा, आमच्या सासूबाई कुठे हो सुंदर होत्या? वाईट होत्या का?" आबा तंबाखू शोधू लागले. आणि रोज सकाळी एक जड टोपली, कैऱ्यांनी भरलेली, पुतणीच्या आणि गोरीच्या हातात. टोपलीचा एक कान एकीनं धरायचा, दुसरा दुसरीनं. "हिनं खाली बघून पाय टाकला, कैरी सांडली नाही," एवढंच वहिनी मोठ्यानं बोलत. रूपाचा शब्द नाही, ना हिच्या, ना तिच्या.

आखाजीच्या दिवशी झोका उंच गेला आणि गोरी घाबरून रडली. मोठ्या पोरी पुढे सरसावल्या, तर ती हुंदके देत म्हणाली, "हिला बसवा माझ्याजवळ. ही धरते नीट."

पुतणी बसली. बाकीची पोरं अजून कुरकुरत होती. एका टोपलीनं गाव बदलत नाही.

तेव्हा वाचणाऱ्या काका-काकूंनो, दारात पोर आलं की "किती गोड दिसतं!" हे गिळा. त्यानं काय केलं ते विचारा, आणि पहिली सांजोरी त्याला द्या ज्याला कोणी बोलावलं नाही. आजपासून.