बर्फाचं पाणी धरलंच नव्हतं

अमळनेरच्या कॉलेजात मेघा अकरा वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. कंत्राट संपलं आणि ती जळगावला हितेंद्रच्या कॉफीच्या दुकानात लागली. हितेंद्रने पुण्यात दोन दिवसांचं शिबिर केलं होतं. तेव्हापासून तो दाढी राखून होता आणि कॉफी ‘पीत’ नसे, ‘वाचत’ असे.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला, तशी त्याने थंड पोअर-ओव्हर काढली, म्हणजे गाळणीतल्या पुडीवर वरून पाणी ओतून केलेली कॉफी. वीस ग्रॅम पूड, तीनशे ग्रॅम उकळतं पाणी, आणि तयार झालेल्या गरम कॉफीत वरून ग्लासभर बर्फ. गिऱ्हाइकं फोटो काढत, एक घोट घेत आणि ‘फार सटल आहे’ म्हणत. चव लागली नाही, हे कबूल करायची कोणाची छाती नव्हती.

गाळ्याचे मालक झुलाल आबा मात्र मूळचे साक्री तालुक्यातले शेतकरी. त्यांनी ग्लास उजेडात धरला.

“मेघा, हाई बठ्ठं पानीच शे. कॉफी कोठे शे?”

हितेंद्र हसला. “आबा, त्याला जीभ तयार व्हावी लागते.”

मेघाची जीभ तयार होती, पण तिला आबांचंच पटलं. दुपारी दुकान रिकामं असताना तिने वजनकाटा पुढ्यात ओढला. बर्फ वितळून पाणीच होणार, मग ते हिशेबात का नाही? तिने गाळणीखालच्या भांड्यात एकशेवीस ग्रॅम बर्फ घातला. पूड तेवढीच, पण पाणी कमी म्हणून दळण थोडं बारीक. गरम पाणी फक्त एकशेऐंशी ग्रॅम, थोडं थोडं करून. दाट कॉफी थेंबाथेंबाने बर्फावर पडली, पडताक्षणी गार झाली. भांडं हलवलं तसा सगळा बर्फ वितळला. मग नव्या मोठ्या खड्यांवर ओतून तिने घोट घेतला. संत्र्यासारखा आंबटगोडपणा जिभेवर लख्ख उमटला. सुगंधही जागेवर होता.

आबांनी ग्लास संपवला आणि दुसरा मागितला.

आठवड्यात हितेंद्रने तीच कृती उचलली आणि फळ्यावर ‘हितेंद्र पद्धत’ असं लिहिलं. महिन्यात हितेंद्र धुळ्याला कार्यशाळा घ्यायला गेला. चाळीस जणांसमोर त्याने बर्फ मोजून घातला, कॉफीतल्या संयमावर वीस मिनिटं बोलला आणि बोलण्याच्या भरात जुन्या सवयीने पूर्ण तीनशे ग्रॅम पाणी ओतलं. सगळ्यांनी चाखलं. ‘सटल’ म्हणायला सुरुवातही झाली होती, तेवढ्यात मागच्या रांगेतून दिपमाला नावाची बेकरीवाली म्हणाली, “सर, तुम्ही बर्फाचं पाणी धरलंच नाही.”

हितेंद्रने बाहेर जाऊन मेघाला फोन लावला. “आकडे सांगा पटकन.”

“सांगते,” मेघा म्हणाली, “पण ते माझे आहेत, हे आत जाऊन सांगायचं.”

हितेंद्र आत गेला. मग त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि माइकसमोर धरला. मेघाने घसा खाकरला आणि चाळीस जणांना, कॉलेजात सांगायची तसं, आधी काटा शून्यावर आणायला सांगितलं.