पाचव्या टॉफीचा एक गुण

कॉलेजात तिला मुलं पाठीमागे ‘सीमांत बाई’ म्हणत. तिला ते माहीत होतं आणि त्यात काही वावगं आहे असंही तिला वाटत नसे. एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून एवढी ओळख उरली, तर ती बऱ्यापैकीच म्हणायची. बाकीच्या मास्तरांना कुणी पाठीमागेसुद्धा काही म्हणत नव्हतं.

नाव पडलं होतं ते टॉफीच्या तासामुळे. दर वर्षी सत्राच्या दुसऱ्या महिन्यात घटत्या सीमांत उपयोगितेचा, म्हणजे एकच वस्तू सलग घेत गेलं की प्रत्येक पुढच्या नगातली मजा कमी होते या नियमाचा धडा आला की बाई दुधाच्या टॉफ्यांचं पाकीट घेऊन वर्गात यायची. एका विद्यार्थ्याला पुढे बोलवायचं, खुर्चीवर बसवायचं आणि एकामागून एक टॉफी खायला लावायची. प्रत्येक टॉफीनंतर त्याने किती मजा आली ते दहापैकी गुण देऊन सांगायचं. बाई फळ्यावर तीन रकाने आखायची: कितवी टॉफी, त्या टॉफीची उपयोगिता, आतापर्यंतची एकूण उपयोगिता. नियम कडक असत. टॉफ्या एकाच पाकिटातल्या, एकाच आकाराच्या. मध्ये पाणी प्यायचं नाही, मध्ये थांबायचं नाही, मागे बसलेल्यांनी हसवायचं नाही. एकदा एका विद्यार्थ्याने पाचही टॉफ्यांना दहा गुण दिले होते, तेव्हा बाईने त्याला शांतपणे सहावी, सातवी आणि आठवी दिली होती. नववीला तो हात जोडून उठला.

बाई सत्तावन्न वर्षांची होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. लग्न केलं नव्हतं. त्याची कारणं विचारणारी माणसं आता एकतर थकली होती किंवा वारली होती. घरात एकच मोठं टेबल होतं. त्याच्या अर्ध्या भागावर उत्तरपत्रिका, उरलेल्या अर्ध्यावर जेवण. जवळचं असं एकच माणूस होतं, तिची थोरली बहीण. ताई वीस मिनिटांच्या अंतरावर राहायची. आयुष्यभर ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासत होती. कागदावर जे लिहिलंय ते आणि तेवढंच करायची सवय तिला तिथे लागली होती.

तीन वर्षांपूर्वी ताईचे यजमान गेले. मुलगा दूरच्या शहरात. तेव्हापासून ताई रोज संध्याकाळी पाच वाजता बाईकडे येऊ लागली. पहिला आठवडा बाईला फार बरं वाटलं. दोघी चहा घ्यायच्या, लहानपणीच्या गोष्टी काढायच्या, एकमेकींच्या चुका काढायच्या. दुसऱ्या महिन्यात त्याच गोष्टी परत येऊ लागल्या. ताई बोलत असताना बाईचा डोळा घड्याळाकडे जायचा, हात उत्तरपत्रिकांकडे. आणि एका संध्याकाळी तिने आपला विषय काढला.

“ताई, रोज आलीस की त्यातली मजा कमी होते बघ. हा नियमच आहे. महिन्यातून एकदा आलीस तर दोघींनाही वाट बघायला बरं वाटेल.”

ताईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाली, “बरं. महिन्याचा पहिला रविवार चालेल?”

“चालेल की.”

त्यानंतर ताई महिन्याच्या पहिल्या रविवारी चारच्या ठोक्याला येऊ लागली. मध्ये एकदाही नाही. बाईला ताप आला तेव्हाही ताईने औषधं शेजारणीच्या हाती पाठवली. बाईने मनाशी मान्य केलं की नियम खरा ठरला. ते रविवार खरोखर चांगले जात. महिन्याभराचं बोलणं साठलेलं असे आणि संध्याकाळ कशी गेली ते कळत नसे. उरलेले एकोणतीस दिवस कसे गेले ते मात्र चांगलं कळत असे.

या वर्षी टॉफीच्या तासाच्या तीन दिवस आधी पहिला रविवार आला. ताईने चहाचा कप खाली ठेवला.

“मुलगा म्हणतोय, इकडे ये. त्यांची एक खोली रिकामी झालीय. शनिवारपर्यंत कळवते म्हटलंय.”

“बरं होईल तुला,” बाई म्हणाली. “नातवंडं आहेत. सोबत होईल.”

“सोबत होईल, ते खरं,” ताई म्हणाली. तिने कप परत उचलला, तो रिकामा आहे हे पाहून परत ठेवला. मग नळाच्या गळतीवर दोघी बराच वेळ बोलल्या.

बुधवारी तास झाला. त्या दिवशी पुढे आली ती व्हॉलीबॉल खेळणारी, वसतिगृहात राहणारी, उंच मुलगी. सकाळपासून उपाशी आहे असं तिने आधीच जाहीर केलं. मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, दोन पाकिटं आणायला हवी होती.”

पहिल्या टॉफीला तिने दहा गुण दिले, दुसरीला आठ, तिसरीला पाच. चौथी चघळताना तिने तोंड वाकडं केलं आणि दोन दिले. पाचवीला बराच विचार करून एक.

“एक तरी कशाला?” बाईने विचारलं.

“गोडच आहे ना ती. वाईट थोडीच आहे.”

वर्ग हसला. बाईने फळ्यावर बेरीज मांडली: दहा, अठरा, तेवीस, पंचवीस, सव्वीस. मग ती नेहमीचं वाक्य बोलली, जे ती एकतीस वर्षं बोलत आली होती. शेवटच्या टॉफीची उपयोगिता घटते, एकूण उपयोगिता वाढतच राहते. सीमांत शून्य झाली की एकूण वाढायची थांबते आणि सीमांत शून्याच्या खाली गेली तरच एकूण घटू लागते. “परीक्षेत निम्मे लोक इथेच घोळ घालतात,” ती म्हणाली. “पाचवीत मजा कमी, म्हणून चारच खाणारा जास्त सुखी, असं लिहितात. मी सरळ शून्य देते.”

सहावी टॉफी मुलीच्या हातात होती. तिने ती रुमालात गुंडाळली.

“ही आत्ता नको, बाई. उद्या सकाळी खाईन.”

“उद्याची चालणार नाही. सलग खायची असते. मध्ये वेळ गेला की...”

“मध्ये वेळ गेला की परत दहापासून सुरू, हो ना? मग हिला आत्ता शून्याला कशाला खाऊ?”

“बरोबर,” बाई म्हणाली. “याला सातत्याचं गृहीतक म्हणतात. मध्ये खंड पडला, भूक परत लागली, तर हा नियम लागू करता येत नाही. लिहून घ्या.”

ती वळून फळ्यावर ‘सातत्य’ लिहू लागली. ‘सा’ झाला आणि खडू तिथेच थांबला. वर्गाला वाटलं, बाई काहीतरी विसरल्या. दोघांचौघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईने उरलेली अक्षरं लिहिली, हात झटकले आणि तास पाच मिनिटं आधी सोडला. तसं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं.

शिक्षकांच्या खोलीत बसून तिने आपलीच उत्तरपत्रिका तपासावी तसं ते प्रकरण तपासलं. ताईचा रोजचा अर्धा तास संपता संपता एका गुणाचा व्हायचा, हे खरं. पण तो एक गुण होता, शून्य नव्हतं. आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चोवीस तास जायचे. रोजची भेट म्हणजे एकामागून एक खाल्लेली टॉफी नव्हतीच. अर्ध्या तासाच्या शेवटी आलेला कंटाळा तिने सगळ्या दिवसांच्या नावावर मांडला होता, आणि शेवटच्या घासाचा आनंद मोठा राहावा म्हणून एकूण सुखच कापून टाकलं होतं. हे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ती पासही करत नसे.

शनिवारला अजून तीन दिवस होते. ती घरी न जाता थेट ताईकडे गेली.

ताईने दार उघडलं आणि तिच्या मागे जिन्याकडे पाहिलं. “आज? काय झालं गं?”

“काही नाही झालं. आले.”

“बुधवारी?”

“बुधवारी यायचं नाही असं कुठे लिहिलंय?”

“तूच तर लिहून दिलं होतंस,” ताई म्हणाली आणि आत वळली. समोरच्या खोलीत तीन खोकी उघडी पडली होती. एकात काचेचं सामान वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं.

“शनिवारी कळवणार होतीस ना?”

“शनिवारपर्यंत. तू बरं होईल म्हणालीस. मग थांबायचं कशाला? सोमवारीच सांगून टाकलं. या नाही, पुढच्या रविवारी गाडी येतेय.”

बाई खोक्याच्या कडेवर बसायला गेली. ताईने तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. बाईने मग वर्गातला सगळा प्रकार सांगितला, रकाने, बेरीज, सातत्य, सगळं. ताई एक कप कागदात गुंडाळत ऐकत होती.

“चिमे, तुझा विषय मला कधी कळला नाही,” ती म्हणाली. “मला एवढंच कळलं होतं की तू मला कंटाळलीस.”

“कंटाळायचेच. अर्ध्या तासाने कंटाळायचे. दुसऱ्या दिवशी पाच वाजले की परत वाट बघायचे.”

“हे कधी बोलली नाहीस.”

“बोलायला तू समोर असायला हवीस. आणि तू समोर बसलीस की मी कंटाळलेली असायचे.”

ताई हसली. मग हसू आवरून कपाच्या कानाभोवती कागद नीट दाबत राहिली. “आता नाही म्हणता येणार गं. पोराने खोलीला रंग लावलाय. सून सुट्टी काढतेय. माझी जागाही दिलीय दुसऱ्यांना.”

“नाही म्हण असं मी म्हटलंय का?”

“म्हणणार होतीस.”

“होते,” बाई म्हणाली.

गाडी यायला अकरा दिवस होते. ते अकराही दिवस बाई कॉलेजातून थेट तिथे गेली. सामान भरलं, भांडी वाटली, औषधांच्या जुन्या बाटल्या फेकल्या. पहिले दोन दिवस दोघी खूप बोलल्या. तिसऱ्या दिवशी ताईने प्रयोगशाळेतल्या एका वरिष्ठांची गोष्ट सांगितली; ती बाईने शंभरदा ऐकली होती. पाचव्या दिवशी एका झाकणावरून भांडण झालं. सुट्टीच्या दिवशी बाई सकाळपासून गेली, तर दुपारपर्यंत दोघी एकमेकींना पार विटल्या. ताई आतल्या खोलीत जाऊन पडली आणि बाई बाहेर जुनं मासिक चाळत बसली. दुसऱ्या दिवशी मात्र जिना चढताना बाईची पावलं आपोआप भरभर पडली.

शेवटच्या दिवशी, शनिवारी, घरात बसायला काही उरलं नव्हतं. दोघी गुंडाळलेल्या गादीवर भिंतीला पाठ लावून बसल्या. सांगायचं होतं ते अकरा दिवसांत सांगून झालं होतं. तासाभरात पत्ते, किल्ल्या, सकाळी किती वाजता उठायचं हेही बोलून झालं.

“जा आता,” ताई म्हणाली. “कंटाळलीस तू. चेहऱ्यावर दिसतंय.”

“हो, कंटाळलेय.”

“मग?”

“मग काही नाही,” बाई म्हणाली. “बसलेय.”

ताईने पाय लांब केले. समोरच्या भिंतीवर कपाट होतं तेवढा चौकोन पांढरा राहिला होता. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.