परिशिष्ट पाच

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगर जिल्ह्यातल्या एका शेतकी कॉलेजात एम.एस्सी. करत होतो. विषय होता कोरडवाहू रब्बी ज्वारीला नत्राची मात्रा किती द्यावी. दोन हंगाम प्रयोग केला आणि प्रबंधाचा कच्चा मसुदा आमच्या सरांपुढे ठेवला. त्यांनी तो हातात तोलला.

"अरे, निष्कर्ष शोधायचा म्हणजे तक्त्यांच्या जंगलातनं जायचं का? मुद्दा ज्यावर उभा आहे तेवढेच तक्ते मजकुरात ठेव. बाकी सगळं मागं परिशिष्टात. पण मागं टाकलेल्या प्रत्येक तक्त्याचा मजकुरात योग्य जागी उल्लेख हवा."

मी कात्री आणि डिंकाची बाटली घेऊन बसलो. सतरा तक्त्यांपैकी अकरा मागे गेले: पावसाच्या नोंदी, मातीचं पृथक्करण, एकेका मोजणीचं संख्याशास्त्रीय विश्लेषण. उरलेल्या सहांना नवे क्रमांक दिले. मागे गेलेल्यांत एक दुसऱ्या वर्षाच्या उत्पादनाचा होता. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता आणि नत्राचा काहीही उपयोग झाला नव्हता. पहिलं वर्ष मात्र झकास होतं. दोन्हींची सरासरी मजकुरात ठेवली की शिफारस ऐटीत उभी राहत होती. दुसऱ्या वर्षाचा तक्ता मी परिशिष्ट पाच केला आणि त्याचा उल्लेख कुठेच केला नाही. मी काही लपवलं नाही, प्रबंधात तो आहेच, असं मी स्वतःला बजावलं.

टायपिंगसाठी नगरला एका मास्तरांकडे जायचो. एका अरुंद खोलीत दोन मशिनं, आणि कामाला बसले की मास्तरांचं तोंड बंद. शेतीतलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण त्यांची एक पद्धत होती. मजकुरात जिथे तक्त्याचा किंवा परिशिष्टाचा क्रमांक यायचा तिथे ते जागा कोरी सोडत. सगळं टाइप झालं की एका कागदावर यादी करत, कुठल्या पानावरून कुठल्या परिशिष्टाकडे जायचं त्याची. यादी जुळली की मगच क्रमांक भरत.

"पाच नंबरला कुठनंच उल्लेख नाही," ते म्हणाले.

"राहू द्या तसाच."

"मग मागं ठेवता कशाला? वाचणाऱ्याला तिथं कोण नेणार?"

"मास्तर, राहू द्या म्हटलं ना."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, यादीत पाचासमोर पेन्सिलीनं फुली मारली आणि पुन्हा काम सुरू केलं.

सरांनी सही करण्यापूर्वी प्रबंध मागून पुढे तपासायला घेतला. एकेक परिशिष्ट बघायचं आणि मजकुरात त्याचा उल्लेख शोधायचा. पाचाशी ते थांबले.

"याचा उल्लेख कुठाय?"

मला नोकरी हवी होती आणि सरांचा शब्द हवा होता. मी म्हणालो, "टाइप करताना मास्तरांकडून ओळ गळली, सर."

एवढ्या सहज खोटं बोलता येतं हे मला तेव्हाच कळलं.

सरांनी तक्ता वाचला. "हा मागं कसा गेला? दोन वर्षं दोन वेगळ्या गोष्टी सांगताहेत, मग नुसत्या सरासरीला काय अर्थ? पुढं आण. आणि शिफारस बऱ्या पावसापुरतीच, असं स्पष्ट लिही."

मी पुन्हा मास्तरांकडे गेलो. परिशिष्ट पाच मजकुरातला तक्ता चार झाला. पुढच्या तीन तक्त्यांचे क्रमांक एकेकानं वाढले, सहापासूनच्या परिशिष्टांचे एकेकानं कमी झाले, आणि मजकुरात जिथेजिथे ते आले होते तिथेतिथे बदलावे लागले, तेही चारही प्रतींवर. मास्तरांनी ब्लेडनं एकेक आकडा खरवडला आणि त्या जागी नवा बसवला. नवीन यादी केली, ती जुळली.

प्रबंध मंजूर झाला आणि मी त्याच कॉलेजात लागलो. पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत चहा पिताना सर नव्या मुलांना म्हणाले, "नगरच्या त्या मास्तरांकडे टाइपिंगला देऊ नका. ओळी गाळतात ते." मी तिथेच होतो. मी कप खाली ठेवला आणि गप्प राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते.

काही आठवड्यांनी मास्तर नगरच्या एस.टी. स्टँडवर भेटले. तब्येतीची विचारपूस झाली. मग म्हणाले, "यंदा तुमच्या कॉलेजचं कुणीच आलं नाही. प्रबंधांची तारीख पुढं गेली का हो?"

"हो," मी म्हणालो, "पुढं गेलीय."